कमिटीच्या ग्रुपवर ठरलं, मेल मात्र तुम्ही लिहायचा: चॅट हाती नसताना निर्णयांचा मेल कसा लिहावा

सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो. "गच्चीचं सगळं कमिटीच्या ग्रुपवर ठरलंय. आज रात्रीपर्यंत मेंबर्सना एक मेल टाक, म्हणजे उद्या कुणी विचारत बसायला नको." तुम्ही सोसायटीचे मॅनेजर असाल, ऑफिसात दोन तास बसणारे असाल, नाहीतर मराठी बरं लिहिता म्हणून पकडले गेलेले सभासद असाल. कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुम्ही नाही. चॅट कुणी पाठवलेलं नाही. सेक्रेटरींच्या दृष्टीने मात्र सांगायचं ते सांगून झालं, कारण त्यांच्या डोक्यात चारशे मेसेज आहेत आणि ते तुमच्याही डोक्यात असावेत असं त्यांना नकळत वाटतंय.

अशा वेळी मेल लिहिणं अवघड जात नाही, उलट फार सोपं जातं. सोसायटीच्या मेलची भाषा आपल्याला पाठ असते. "समितीने सर्वानुमते निर्णय घेतला असून", "सर्व सभासदांनी सहकार्य करावे" ही वाक्यं आपोआप उतरतात आणि माहिती नसलेल्या जागा बेमालूम भरल्या जातात. पुढे जे भांडण होतं ते बहुतेक वेळा अशाच एखाद्या भरलेल्या जागेवरून होतं. म्हणून इथे एकच नियम धरला आहे: मेलमधलं प्रत्येक वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं, हे दाखवता आलं पाहिजे. जे दाखवता येत नाही ते मोकळं ठेवायचं आणि विचारायचं.

उदाहरण म्हणून मुलुंड पूर्वेची दोन विंगांची, ४८ फ्लॅटची एक सोसायटी घेऊ. सोसायटी काल्पनिक आहे, पण अशा दहा तुमच्या ओळखीच्या असतील. कमिटी ११ जणांची. दोन पावसाळे वरच्या मजल्यावर गळती आहे आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचंय. तारीख १२ मे २०२६, मंगळवार. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, म्हणजे हातात जेमतेम महिना. घाई आहे ती याचमुळे.

फोनवर ऐकलेलं आधी जसंच्या तसं उतरवा

फोन ठेवल्याबरोबर, मेलचा विचारही न करता, ऐकलेले शब्द लिहून काढा. आपल्या भाषेत नको, त्यांच्याच भाषेत. आपल्या सेक्रेटरींनी सांगितलं ते असं:

> गच्चीचं काम त्या दुसऱ्या पार्टीला दिलं. चार पंच्याऐंशीला. पुढच्या आठवड्यात सुरू. थोडा अ‍ॅडव्हान्स द्यायचाय. मेंबर्सकडून पर फ्लॅट काँट्रिब्यूशन घेऊ, थोडे सिंकिंग फंडातून. कुंड्या, कपड्यांच्या दोऱ्या काढायला सांग. पाणी पण एक दिवस बंद राहील बहुतेक.

आता हे वाचताना प्रत्येक तुकड्यापुढे पाच प्रश्न धरा: नेमकं काय, किती पैसे, कोण करणार, कधीपर्यंत आणि कुठल्या अटीवर. पाचही उत्तरं असलेला एकही तुकडा इथे नाही. "दुसरी पार्टी" म्हणजे दुसरं कोटेशन देणारी की पहिलीला नकार दिल्यावर आलेली? "चार पंच्याऐंशी" जीएसटी धरून की सोडून? "द्यायचाय", "घेऊ" ही ठरलेली गोष्ट की मनातली? आणि "बहुतेक" हा शब्द तर स्वतःच सांगतोय की हे अजून नक्की नाही.

पैशांचा मुद्दा थोडा खोलात पाहू, कारण मेल तिथेच घसरतो. अशा कामावर जीएसटी १८ टक्के लागतो. ४,८५,००० वर तो ८७,३०० होतो, म्हणजे एकूण ५,७२,३००. "एकूण खर्च ४,८५,०००" असं लिहिलंत आणि बिल पावणेसहा लाखांच्या घरात आलं, तर वरचे सत्त्याऐंशी हजार कुठून आले हा प्रश्न सर्वसाधारण सभेत खजिनदारांना विचारला जाणार. याच्याही पुढचा मोह म्हणजे भागाकार. काँट्रिब्यूशन घ्यायचंय, फ्लॅट ४८ आहेत, मग ४,८५,००० भागिले ४८, म्हणजे प्रत्येकी साधारण १०,१०० रुपये. आकडा व्यवस्थित येतो, मेलमध्ये शोभूनही दिसतो. पण तो कुणीही सांगितलेला नाही. फंडातून किती जाणार ते माहीत नाही, वाटणी समान की क्षेत्रफळाप्रमाणे हेही माहीत नाही. कॅलक्युलेटरवर आलेला आकडा हा कमिटीचा निर्णय नव्हे.

चॅट मागा, पण हवं तेवढंच

पहिला प्रयत्न चॅट मिळवण्याचा. बरेच जण इथे संकोचतात, कारण कमिटीच्या ग्रुपवर कुणाच्या थकबाकीपासून कुणाच्या कुत्र्यापर्यंत सगळं असतं आणि आपण ते मागतोय असं वाटतं. म्हणून मागतानाच सीमा आखून द्या:

> काका, मेल लिहायला घेतलाय. गच्चीच्या कामाबद्दल ग्रुपवर जे बोलणं झालं त्यातले फक्त निर्णयाचे मेसेज पाठवाल का? कोटेशन, अ‍ॅडव्हान्स, सुरू करायची तारीख आणि काँट्रिब्यूशन एवढेच. बाकीचं नको. आकडा चुकीचा जाऊ नये म्हणून मागतोय.

शेवटचं वाक्य ठेवा. "मला चॅट दाखवा" हे अविश्वासासारखं ऐकू येतं, "आकडा चुकू नये" यात सेक्रेटरींचाही बचाव आहे.

ते मेसेज कोणत्या पद्धतीने पाठवतात यावर बरंच अवलंबून असतं. बहुतेक जण फॉरवर्ड करतात आणि सगळ्यांत निरुपयोगी पद्धत तीच. फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर वेळ दिसते ती फॉरवर्ड केल्याची. मूळ मेसेज कधीचा आणि कुणाचा, हे निघून जातं. "उद्या फायनल करतो" असा मेसेज आला तर तो उद्या कुठला, ते कळायला मार्ग नाही. स्क्रीनशॉटमध्ये नाव आणि वेळ राहते, पण दोन स्क्रीनशॉटच्या मधलं काय गेलं ते दिसत नाही. एखादी अट नेमकी त्या फटीत पडलेली असू शकते.

सगळ्यांत बरं म्हणजे एकाहून जास्त मेसेज एकदम निवडून कॉपी करायचे आणि तुमच्या चॅटमध्ये पेस्ट करायचे. असं केलं की प्रत्येक मेसेजच्या आधी तारीख, वेळ आणि नाव आपोआप येतं. एकच मेसेज निवडला तर नुसता मजकूर येतो, म्हणून निदान दोन निवडायला सांगा. सेक्रेटरींना हे जमत नसेल तर फोनवर सांगा: "एका मेसेजवर बोट दाबून धरा, मग बाकीच्यांवर नुसतं टेकवा, वर दोन कागदांसारखं चिन्ह दिसेल ते दाबा." आयफोनवर मेनू वेगळा दिसतो.

पूर्ण चॅटची फाइल हवी असेल तर अँड्रॉइडवर ग्रुप उघडून तीन टिंबं, `More`, मग `Export chat` आणि `Without media`. एक साधी मजकुराची फाइल तयार होते. माझं मत विचाराल तर सोसायटीच्या कामासाठी ही फाइल मागूच नये. तुमच्या कामाचे वीस मेसेज आणि इतरांच्या खासगी गोष्टींचे दोन हजार, असं ते गाठोडं असतं. मागावीच लागली, तर तिच्यात काय येत नाही ते माहीत असू द्या. फोटो आणि व्हॉइस नोटच्या जागी `<Media omitted>` एवढंच दिसतं, आणि कोटेशन ग्रुपवर टाकलं गेलं ते बहुधा फोटो नाहीतर पीडीएफ म्हणूनच. कुणी कुठल्या मेसेजला उत्तर दिलं, हा धागाही फाइलमध्ये राहत नाही. "हो, चालेल" दिसतं, पण कशाला चालेल ते दिसत नाही. आणि अंगठ्याचं चिन्ह, म्हणजे मेसेजवर दिलेली रिअ‍ॅक्शन, अजिबात येत नाही. आपल्याकडे अर्धी कमिटी संमती देते ती अंगठ्यानेच. म्हणजे फाइल पाहून "फक्त तिघांनी होकार दिला" म्हणणं चूक, आणि फाइल न पाहता "सगळ्यांनी दिला" म्हणणंही चूक.

ग्रुपवर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर जुना भाग सेक्रेटरींकडेही उरलेला नसतो. ती मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी ठेवता येते. चॅटची जादा गोपनीयता चालू केलेली असेल तर एक्सपोर्ट होतच नाही. असं काही निघालं तर पुढचा मार्ग फोनचाच.

चॅट मिळालं तर ते कसं वाचायचं

आपल्या सेक्रेटरींनी हे पाच मेसेज कॉपी करून पाठवले:

```
[10/05, 9:14 pm] सेक्रेटरी: दुसरं कोटेशन ४,८५,००० + जीएसटी. हेच फायनल करू या का?
[10/05, 9:22 pm] खजिनदार: ओके. पण आधी १० वर्षांची गॅरंटी लेखी घ्या
[10/05, 9:31 pm] बी विंग: मला चालेल
[10/05, 9:40 pm] चेअरमन: अ‍ॅडव्हान्स ३०% पेक्षा जास्त नको
[11/05, 8:05 am] सेक्रेटरी: ठीक. १८ पासून सुरू करायला सांगतो
```

पाचच ओळी, पण फोनवरचं बोलणं किती बदललं पाहा. जीएसटी वेगळा आहे, हे पहिल्याच ओळीत मिटलं. खजिनदारांचा होकार मोकळा नाही, त्याला लेखी गॅरंटीची अट आहे, आणि फोनवर ती अट पूर्ण गाळली गेली होती. हे वारंवार घडतं: सांगणारा माणूस "ओके" लक्षात ठेवतो आणि "पण" विसरतो. म्हणून प्रत्येक होकाराच्या पुढे "पण", "आधी", "जर", "तोपर्यंत" आहे का, ते बोट ठेवून शोधा.

चेअरमननी अ‍ॅडव्हान्स ३० टक्के द्या असं म्हटलेलं नाही, ३० च्या वर जाऊ नका असं म्हटलंय. मेलमध्ये "३० टक्के अ‍ॅडव्हान्स देण्याचे ठरले" असं गेलं आणि तो मेल कंत्राटदाराच्या हाती लागला, तर घासाघीस तिथेच संपली. शिवाय ३० टक्के कशाचे? ४,८५,००० चे धरले तर १,४५,५००, जीएसटीसकट धरले तर १,७१,६९०. सव्वीस हजारांचा फरक आहे, विचारायला हवं.

सुरू करायची तारीख सेक्रेटरींनी कंत्राटदाराला सांगतो म्हटलंय. कंत्राटदार काय म्हणाला ते इथे नाही. तेव्हा १८ मे ही अपेक्षित तारीख, ठरलेली नव्हे. आणि काँट्रिब्यूशन, सिंकिंग फंड, पाणी यांच्याबद्दल या ओळींत एक अक्षरही नाही.

शेवटी माणसं मोजा. अकरा जणांच्या कमिटीत बहुमत सहाचं. इथे सेक्रेटरी धरून चौघे बोलले आहेत. बाकीच्यांनी अंगठे दिले असतील, पण ते आपल्याला दिसत नाहीत. तेव्हा "सर्वानुमते" तर नाहीच, "बहुमताने" सुद्धा अजून लिहिता येत नाही.

चॅट मिळालंच नाही तर फोनवर काय विचारायचं

सेक्रेटरी म्हणतात, "कुठे शोधत बसू, मी सांगतो ना." ठीक आहे. मग ते सांगतील ते घ्या, पण गोष्ट सांगायला लावू नका, प्रश्न विचारा. "काय काय ठरलं?" या प्रश्नाला पुन्हा तेच गोळाबेरीज उत्तर मिळतं. त्याऐवजी असे प्रश्न घ्या, ज्यांना आकडा, तारीख किंवा नाव हेच उत्तर लागेल.

चार पंच्याऐंशीत जीएसटी आहे का? अ‍ॅडव्हान्सचा आकडा ठरला की वरची मर्यादा? काम कुठल्या तारखेला सुरू, आणि कंत्राटदाराने त्या तारखेला होकार दिलाय का? कुणी काही अट घातली होती का? हा शेवटचा प्रश्न थेटच विचारा, कारण अटी आपणहून कुणी सांगत नाही. मग विचारा: विरोध कुणाचा होता, किंवा कोण गप्प होतं? विरोधाची माहिती मेलमध्ये घालायची नसते, पण ती असल्यास "सर्वानुमते" हा शब्द तुमच्या हातून जाणार नाही.

दोन प्रश्न खास सहकारी सोसायटीचे आहेत, ते विसरू नका. एक: खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी आहे का आणि कधीची? दुरुस्तीवर कमिटी स्वतःच्या अधिकारात किती खर्च करू शकते याला उपविधींत सदस्यसंख्येप्रमाणे मर्यादा घातलेली असते; पाच-सहा लाखांचं काम त्या मर्यादेच्या कितीतरी वर जातं. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतोच. दोन: हे कमिटीच्या सभेत इतिवृत्तावर आलंय की फक्त ग्रुपवरचं बोलणं आहे? व्हॉट्सअ‍ॅपवरचा "ओके" म्हणजे ठराव नव्हे. उद्या उपनिबंधकांकडे तक्रार गेली तर इतिवृत्ताची वही मागितली जाईल.

आपल्या उदाहरणात पाच मेसेज मिळाले होते, तरी हे दोन प्रश्न फोनवर विचारले आणि सगळं चित्रच फिरलं. सेक्रेटरी म्हणाले, "मंजुरी आहे की. गेल्या सप्टेंबरच्या एजीएममध्ये गच्चीसाठी रिपेअर फंडातून सहा लाखांपर्यंत पास केलंय." मग काँट्रिब्यूशन कशाला? थोडा वेळ शांतता. "ते खजिनदार म्हणत होते, फंड एकदम रिकामा नको म्हणून. ठरलं नाही तसं काही." म्हणजे ५,७२,३०० रुपये मंजूर सहा लाखांत बसतात आणि सभासदांकडून एक पैसाही मागायचं ठरलेलं नाही. तो १०,१०० चा आकडा मेलमध्ये गेला असता तर ४८ घरांत विनाकारण वादळ उठलं असतं. कमिटीच्या सभेबद्दल विचारल्यावर सेक्रेटरी म्हणाले की गुरुवारी, १४ तारखेला घेऊन टाकू.

फोन झाल्यावर पुन्हा लिहून काढा आणि प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आली ते लिहा: चॅट १० मे, चॅट ११ मे, फोन १२ मे. हा कागद कुणाला पाठवायचा नाही, तुमच्यापाशी ठेवायचा.

मसुदा: मोकळ्या जागा मोकळ्याच ठेवा

पहिला मसुदा सभासदांसाठी नसतो, सेक्रेटरींसाठी असतो. त्यात न कळलेल्या जागी चौकोनी कंसात प्रश्न घाला, ठळक, नजर अडेल असे. "लवकरच", "योग्य ती रक्कम", "आवश्यकतेनुसार" असे शब्द घालून भोक बुजवू नका. वाचणाऱ्याला माहिती मिळाल्यासारखी वाटते आणि तो प्रश्न विचारतच नाही, हाच त्या शब्दांचा तोटा. मधला भाग असा दिसेल:

> कामाची किंमत ₹४,८५,००० अधिक १८% जीएसटी, एकूण ₹५,७२,३००. [कोटेशनची तारीख? कंत्राटदाराचं पूर्ण नाव?]
> काम १८ मेपासून सुरू होणे अपेक्षित. [कंत्राटदाराचा होकार आला का?]
> पाणी एक दिवस बंद राहण्याची शक्यता. [सांगायचं का? कुठला दिवस?]

सोबत दोन ओळी: "काका, कंसातलं मला माहीत नाही, तेवढं भरा. काँट्रिब्यूशन आणि अ‍ॅडव्हान्स ठरलेलं नसल्याने घातलेलं नाही. मसुदा कमिटीच्या ग्रुपवर टाकून उद्या सकाळी ११ पर्यंत कुणाची हरकत आहे का विचाराल का?"

मसुदा ग्रुपवर जाणं ही यातली सगळ्यांत कामाची पायरी आहे. चॅट तुमच्याकडे आलं नाही, पण तुमचा मजकूर चॅटकडे गेला. ज्यांच्या डोळ्यांसमोर ते बोलणं झालं तेच तो तपासतात. बोलताना गप्प असलेला माणूसही लिहिलेलं पाहिल्यावर बोलतो: "मी असं म्हटलं नव्हतं." वेळ ठरवून द्या, नाहीतर उत्तर येत नाही, पण "उत्तर न आल्यास संमती समजू" असं लिहू नका. कमिटीच्या वतीने ते ठरवायचा अधिकार मेल लिहिणाऱ्याला नाही.

सेक्रेटरी म्हणाले की "सर्वानुमते घाल, बरं दिसतं", तर वाद न घालता पर्याय पुढे करा: "सभा गुरुवारी आहे ना, ठराव झाला की दुसऱ्या मेलमध्ये घालतो."

शेवटचा मेल

कंस भरले गेले, कंत्राटदाराने १८ तारखेला होकार दिला, पाण्याचं टाकी पाहिल्यावरच कळणार. मग जाणारा मेल असा:

> विषय: गच्ची वॉटरप्रूफिंग: १७ मे संध्याकाळपर्यंत गच्ची रिकामी करावी, कामाची सद्यःस्थिती
>
> सर्व सभासदांस,
>
> गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबद्दल व्यवस्थापक समितीच्या सदस्यांमध्ये १० व ११ मे २०२६ रोजी झालेल्या चर्चेचा हा सारांश मा. सचिवांनी दिलेल्या माहितीवरून पाठवत आहे.
>
> समितीचा कल दुसऱ्या कोटेशनकडे आहे. रक्कम ₹४,८५,००० अधिक १८% जीएसटी, एकूण ₹५,७२,३००. सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेने या कामासाठी दुरुस्ती निधीतून ₹६,००,००० पर्यंत खर्च मंजूर केलेला आहे. कोटेशन अंतिम करण्याआधी १० वर्षांची गॅरंटी लेखी घ्यावी, अशी अट चर्चेत मांडली गेली आहे. औपचारिक ठराव १४ मे रोजीच्या समितीच्या सभेपुढे ठेवला जाईल.
>
> ठराव मंजूर झाल्यास काम सोमवार, १८ मे रोजी सुरू होईल. कंत्राटदाराने या तारखेस होकार दिला आहे.
>
> सभासदांनी करावयाचे: गच्चीवरील कुंड्या, कपड्यांच्या दोऱ्या व इतर सामान रविवार, १७ मे रोजी संध्याकाळी ६ पर्यंत काढून घ्यावे.
>
> अद्याप न ठरलेले: कंत्राटदारास द्यावयाची आगाऊ रक्कम, आणि पाणीपुरवठा बंद ठेवावा लागेल का. पाण्याबाबत स्वतंत्र सूचना दिली जाईल. सभासदांकडून वर्गणी घेण्याचा कोणताही निर्णय झालेला नाही.
>
> वरील मजकुरात काही दुरुस्ती असल्यास समिती सदस्यांनी या मेलवर कळवावी.

यात काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. "मा. सचिवांनी दिलेल्या माहितीवरून" हे वाक्य माहिती कुठून आली ते उघड सांगतं, तुम्ही त्या चर्चेत होता असा भास होत नाही. गॅरंटीची अट "ठरली" असं म्हटलेलं नाही, "मांडली गेली" म्हटलंय, कारण एकाच माणसाने ती मांडली होती. चेअरमनची ३० टक्क्यांची मर्यादा मात्र पूर्ण गाळली आहे. खरी असली तरी सौदा चालू असताना ती ४८ घरांत पसरवणं शहाणपणाचं नाही. न ठरलेल्या गोष्टींना वेगळा परिच्छेद दिला, कारण वर्गणीची कुजबुज लिफ्टमध्ये आधीच पोचलेली असते आणि मेल त्यावर गप्प राहिला तर कुजबुजीलाच खरं मानलं जातं.

कुणाचं नाव कुठेही नाही. कोण काय बोललं हे चॅटचं काम, निर्णयाच्या मेलचं नव्हे.

पाठवताना सोसायटीच्या अधिकृत पत्त्यावरून पाठवा. `To` मध्ये तोच पत्ता टाका आणि सभासदांचे पत्ते `Bcc` मध्ये. नाहीतर ४८ जणांचे खासगी पत्ते एकमेकांकडे जातात, आणि कुणीतरी "रिप्लाय ऑल" करून पार्किंगचा विषय काढतो.

मेल गेल्यानंतर

चूक निघाली तर जुना मेल गुपचूप दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा नाही. विषयात "दुरुस्ती" हा शब्द घाला आणि पहिल्या ओळीत काय होतं, काय असायला हवं होतं, एवढंच लिहा. पूर्ण मेल पुन्हा चिकटवला तर नेमकं काय बदललं ते कुणी शोधत बसत नाही.

१४ तारखेच्या सभेनंतर एक छोटा मेल जायला हवा: ठराव झाला की नाही आणि झाला तर कोणत्या अटींवर. पहिल्या मेलमध्ये "कल" म्हटलेलं होतं, ते तिथे ठरावात बदलतं. इतिवृत्त लिहिणाऱ्याने तुमचा मेल पाहून लिहायचं नाही, सभेत जे झालं ते लिहायचं. हे सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा, कारण "मेलमध्ये आहेच की" म्हणून तोच मजकूर वहीत उतरवला जाण्याची शक्यता दाट असते.

आणि सातव्या मजल्यावरचे एखादे सभासद उत्तर देतीलच: "ग्रुपवर नक्की काय बोलणं झालं ते दाखवा." चॅट तुमचं नाही, ते पुढे पाठवायचा अधिकारही तुमचा नाही. एका ओळीत उत्तर द्या: मी त्या ग्रुपमध्ये नाही, माहिती सचिवांकडून घेतली आहे, समितीचा ठराव १४ तारखेला इतिवृत्तात नोंदवला जाईल आणि त्याची प्रत सचिवांकडे लेखी अर्ज करून मागता येईल. सेक्रेटरींनी कॉपी करून पाठवलेले ते पाच मेसेज, सभा होऊन गेली की, आपल्या फोनमधून काढून टाका.